सातव्या शिफारशीचं पाणी

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तो कारखाना दिवसभर पायाखाली घातला आणि आठवड्याभराने सात शिफारशी पाठवल्या. उत्तर तयार करायचं काम अर्थातच सेफ्टी मॅडमच्या गळ्यात पडलं.

सहा शिफारशींचं काही अवघड नव्हतं. इलेक्ट्रिक पॅनलची उष्णता तपासणी महिनाअखेरपर्यंत, वेल्डिंगसाठी लेखी परवान्याची पद्धत सोमवारपासून, दिव्यांखाली रचलेले गठ्ठे तर त्याच दिवशी हलवले होते. घोडं अडलं सातव्यापाशी: कागदाच्या नव्या गोदामापर्यंत आग विझवण्याची पाइपलाइन वाढवा.

"'यंदा बजेट नाही, पुढच्या वर्षी बघू' असं लिहून टाका," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, हे कारण कुणाच्या गळी उतरेल? कधी करणार, आणि तोवर काय करणार, हे तर ते विचारणारच."

पुढे ढकलायचंच तर खरं कारण तरी असावं, म्हणून सध्याची लाइन आणखी वाढ पेलेल का ते बघायला ती पंपहाउसात गेली. तिथे छोटा पंप सुरू झाला, थांबला, आणि तिच्या नोंदी वाचून होतात न होतात तोच पुन्हा सुरू झाला. लाइनमधला दाब थोडा उतरला की तो भरून काढायचा, एवढंच त्या पंपाचं काम. कुणी पाणी वापरत नसताना तो क्वचितच चालायला हवा.

"हा नेहमीच असा धापा टाकतो का?" तिने पंपमिस्त्रींना विचारलं.

"पंप जुना झालाय मॅडम. व्हॉल्व्ह बदलला की गप्प बसेल."

व्हॉल्व्ह बदलला. पंप काही गप्प बसेना. आता मिस्त्रींचंही डोकं चालेना आणि मॅडमला तर चैनच पडेना. पाणी जात होतं, पण कुठे? जमीन सगळीकडे खडखडीत कोरडी. घरी जेवतानाही तिचं लक्ष नळाकडेच. "अगं, आपला नळ नीट आहे, पोळी गार होतेय," नवरा हसून म्हणाला.

रविवारी कारखाना बंद असताना तिने पहारेकऱ्यांना कल्पना दिली, जादा अग्निशामक बाहेर काढून ठेवले आणि मिस्त्रींना घेऊन लाइनचा एकेक भाग बंद करून बघायला सुरुवात केली. बॉयलरकडचा व्हॉल्व्ह बंद केला, पंप चालूच. छपाई विभागाकडचा बंद केला, तेच. ट्रक उभे राहतात त्या आवाराचा व्हॉल्व्ह फिरवला आणि दोघंही कान देऊन उभे राहिले. पंप जो थांबला तो थांबलाच.

"सापडलं!" मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी आवाराकडे बघितलं. "पण इथे तर थेंबही नाही."

मॅडमने व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. तो बंद ठेवला असता तर आवारातले आग विझवायचे नळखांब कोरडेच राहिले असते. मग दोघांनी पावसाळी गटारावरचं झाकण सरकवलं. कित्येक महिने पाऊस नव्हता, तरी तळाशी स्वच्छ पाण्याची धार खळखळत चालली होती. काँक्रीटखालचा पाइप त्या गटाराच्या भिंतीला लागूनच गेला होता.

सोमवारी मॅनेजरना तिने तिथेच नेलं. ते वाकले आणि बाही सरकवून त्यांनी धारेत हात घातला.

"हे कळवलं तर विमा महागेल."

"कळवलं नाही आणि आग लागली तर, साहेब? नवी लाइन याच पाइपमधून निघणार. गळक्या पाइपला शेपूट जोडून गोदामात पाणी पोचणार कसं? आधी हा तुकडा बदलायचा, मग लाइन वाढवायची. दोन्हीसाठी पाणी तोडावं लागेल, तर वार्षिक देखभालीच्या बंदमध्ये एकदाच तोडू."

"लिहा," ते म्हणाले. "मी सही करतो. आणि ते बजेटबिजेट काढून टाका."

उत्तर गेलं. सहा शिफारशींपुढे तारखा होत्या. सातवीपुढे कारण, बंदच्या शेवटच्या दिवसाची तारीख आणि तोवरची व्यवस्था: गोदामात गठ्ठ्यांची उंची निम्मी, दारात लांब नळीचं रीळ, दर पाळीत फेरी.

दोन दिवसांनी सर्व्हेअरचा फोन आला. मॅडमने उचलला.

"मुदत मान्य आहे. फक्त लाइन बंद करण्याआधी आम्हाला कळवा, आणि बदलल्यावर दाबाच्या चाचणीचा अहवाल पाठवा." मग त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला. "पण मला सांगा, आवार कोरडं असताना गटार उघडायचं सुचलं कसं?"

"पाण्याला जायला दुसरी जागाच उरली नव्हती हो!"

बंदमध्ये आवार खोदलं तेव्हा सर्व्हेअर स्वतः बघायला आले. कापलेला पाइप बाहेर काढला, मिस्त्रींनी चिखल पुसला. गंजून पडलेलं भोक करंगळीच्या नखाएवढंही नव्हतं. तिघंही त्याच्याभोवती उकिडवे बसले आणि आळीपाळीने त्यातून पलीकडचा उजेड बघत राहिले.