पाच वाजताची नोंद

संताजीकाकांनी नोंदवही खोटी भरली, असं आमच्या साहेबांनी, परेशजींनी, ठरवूनच टाकलं होतं. चौकशीची बैठक नावापुरती. वहीत चार वाजता नाल्याचं पाणी नव्वद सेंटिमीटर, पाच वाजता एक मीटर साठ. आणि नाल्याकाठच्या वस्तीत भिंतींवर गाळाची रेघ तीन मीटर वीसवर. दोन माणसं गेली होती. त्यातली एक प्रेमलता, संताजीकाकांची धाकटी बहीण.

"घरी बसून आकडे लिहिलेत, आणखी काय?" परेशजी मला म्हणाले. "क्षितिजा, तू फक्त रिपोर्ट बना दे. सस्पेन्शन मी बघतो."

काका दाराशी उभे होते. "साहेब, कसम से, चारची नोंद करून चौकीत गेलो, पाचला परत नाल्यातल्या मोजपट्टीपाशीच होतो. जे दिसलं तेच लिहिलं."

मला संताप आला. साताऱ्याहून इंदूरला या पूर-इशारा कचेरीत येऊन मला चार वर्षं झाली. पट्टी कशी वाचायची, हे याच माणसाने मला भर पावसात नाल्यात उभं करून शिकवलं होतं.

खालच्या पुलावर एका कॉलेजने यंत्र बसवलंय, दर पाच मिनिटांनी पातळी टिपणारं. त्यांचे आकडे मी मागवले आणि हायड्रोग्राफ काढला: वर पावसाचे खांब, खाली वेळेबरोबर बदलणारा विसर्ग. पाऊस साडेतीन ते चार, बासष्ट मिलिमीटर, मध्य पावणेचारला. नाल्याची रेघ चार वाजता नुकती वर निघालेली. मग ती जवळजवळ उभीच चढली. चार पंचवीसला शिखर, पातळी तीन मीटर वीस, विसर्ग सेकंदाला नव्वद घनमीटर. तिथून धाडकन खाली. पाच वाजता पातळी एक मीटर साठ.

म्हणजे वही खरी होती आणि भिंतीवरची रेघही खरी होती. आख्खा पूर दोन नोंदींच्या मधून निघून गेला होता. नियम तासाला एका नोंदीचा, आणि नियम आमचा.

बैठकीत मी सगळ्यांसमोर या आलेखाशेजारी १९९४चा आलेख ठेवला. तेवढाच पाऊस, तोच नाला. पण शिखर वीस घनमीटरचं, बुटकं, पसरट, आणि पावसाच्या भरानंतर दोन तासांनी आलेलं. तेव्हा वर शेतं होती, पाणी मुरायचं, रमतगमत यायचं. आता तिथे कॉलन्या आहेत, सिमेंटचे रस्ते आहेत, गटारांचे पाइप आहेत, नाल्यालाही दोन्हीकडून काँक्रीटची भिंत. मुरायला जागा नाही आणि अडायलाही नाही. पाणी जास्त येतं आणि चाळीस मिनिटांत येतं.

"मग आपल्या इशाऱ्याच्या तक्त्यात पाणी यायला दोन तास कोणी लिहिले?" परेशजींनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी जुन्या आलेखावरून उचलले होते. नंतरच्या पावसाळ्यांत एखाददुसरा ठिपका वेडावाकडा पडायचा. मी तासातासाचे ठिपके गुळगुळीत वक्राने जोडायची, वेडा ठिपका पट्टी वाचणाऱ्याची चूक म्हणून सोडून द्यायची. रेघ देखणी यायची. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परेशजींनी दोन्ही आलेख पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "संताजी, तुमच्यावर काही नाही. जाओ."

मला वाटलं, काकांना हायसं वाटेल. पण ते टेबलापाशी आले, चष्मा लावला आणि आलेखावर वाकले.

"ताई, चार वाजून पाच मिनटं कुठे?"

मी बोट ठेवलं.

"इथे मी कंट्रोल रूमला फोन केला. मग प्रेमलताला. म्हटलं, पावसाचा जोर पावणेचारला होता, पाणी पावणेसहाला येईल. ऑफिसचा टाइम आहे, पक्का. शिलाई मशीन, कागद, सगळं आरामसे काढ." त्यांचं बोट रेघेवरून वर सरकत गेलं. "आणि तिच्या उंबऱ्याला पाणी?"

उंबऱ्याची उंची मला ठाऊक होती. "सव्वाचारच्या आसपास."

"दहा मिनटं."

"हो, काका."

"तेरा दिवस मी तिला शिव्या देतोय, ताई. सगळ्यांना सांगितलं, दोन तास होते, मशीनच्या मोहात बसली, जिद्दी होती. तिच्या लेकीला पण हेच सांगितलं. पोरगी आईवर चिडून रडलीसुद्धा नाही."

त्यांनी चष्मा काढला. मी माफी मागायला लागले, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तो कागद द्या. पोरीला दाखवतो. कसा वाचायचा, तेवढं लिहून द्या."

मी आलेखाच्या मागे लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत लिहिलं, तुझी आई थांबली नव्हती. मग खाली लिहिलं: मामाचा फोन चार वाजून पाच, उंबऱ्याला पाणी सव्वाचार.