विजयमालाबाईंचे प्रश्न

रविवारी सकाळी भवानी पेठेतल्या चादरीच्या दुकानावरच्या खोलीत लिहिणारी सात-आठ मंडळी जमत, आणि त्या दिवशी विजयमालाबाईंनी नवी गोष्ट वाचायला काढली की बिभीषण साळुंखे सरांच्या पोटात दुखायला लागे. खरोखरचं दुखे. त्यांनी दोनदा ओवा खाऊन पाहिला होता.

सर निवृत्त मराठी शिक्षक. संपादक उदयसिंहांच्या दिवाळी अंकात सलग तेवीस वर्षं त्यांची कथा आलेली, आणि अंक हातात पडला की आधी आपलं पान किती नंबरला आलंय ते बघायचं, मग बाकीचं. गेल्या सव्वा वर्षात मात्र त्यांना एक ओळ सुचली नव्हती. उदयसिंहांनी फोन करून गोड आवाजात सांगितलं होतं, "सर, महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत द्या. नाहीतर तुमच्या जागी विजयमालाबाईंची दुसरी गोष्ट घेतो. त्यांच्या दोन आल्यात." दोन आल्यात! सरांना ते दोन कानफटात बसल्यासारखे लागले.

ही बाई कोण, तर श्रीपूरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसून आयुष्य काढलेली, आता मुलीकडे सोलापुरात राहायला आलेली. बोलणं अगदी गावाकडचं. लिहायला लागून धड वर्षही झालं नव्हतं, आणि दर पंधरा दिवसांनी गोष्ट हजर. बरं, वाईट असती तर सरांनी मोठ्या मनानं कौतुक केलं असतं. वाईट नव्हती, हाच तर जाच होता.

एका रविवारी बाई फोन घ्यायला जिन्यात गेल्या आणि त्यांची वही बाकावर उघडी राहिली. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना पस्तीस वर्षं पकडत आलेल्या त्याच हातांनी दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढले.

घरी जाऊन वाचलं तर वहीत गोष्ट नव्हतीच, नुसते प्रश्न होते. "आईनं कुणापुढं कधीच चहाचा कप ठेवला न्हाय?" "कुणाच्या मयताला मी मुद्दाम उशिरा गेले?" प्रत्येक प्रश्नाखाली बारीक अक्षरात काहीबाही: "एकच दिवस धरायचा. जागा, चुलीम्होरं. मी न्हाय, 'ती' म्हणून लिवायचं. पयलं वाक्य हातातल्या वस्तूपासनं. वीस मिनिटं हात थांबवायचा न्हाय." सर खुर्चीत ताठ बसले. म्हणजे बाईंना दैवी देणगी वगैरे काही नव्हती, त्या स्वतःला प्रश्न विचारून कामाला लावत होत्या. त्यांना केवढं हायसं वाटलं.

चहाचा प्रश्न घेऊन त्यांनी घड्याळ लावलं. आता सरांची आई म्हणजे दारात भांडायला आलेल्यालाही आधी चहा पाजणारी. चहा न मिळालेला माणूस त्यांना बनवावा लागला. बनवला एक चुलता, त्याला मिशा दिल्या, वीस मिनिटांत दोन पानं झाली. पुढच्या रविवारी त्यांनी ती घसा साफ करून वाचली. सगळे "छान, छान" म्हणाले आणि चिवड्याकडे वळले. ते "छान" कसलं असतं ते सरांना पुरतं ठाऊक होतं.

सगळे उतरल्यावर विजयमालाबाई मागं थांबल्या.

"सर, चहाचा प्रश्न माजा हाय की."

सर लाल झाले. सबब जुळवायला लागले, ती जुळेना. शेवटी म्हणाले, "फोटो काढला मी. चुकलं."

"काढा की. पर माजा प्रश्न तुमाला काय दील? माज्या आईनं सख्ख्या भावापुढं कप ठेवला न्हवता, आन् का ठेवला न्हाय ते मला अजून कळलं न्हाय. म्हून मी ते लिवते. तुमी तुमचं इचारा."

यात राग नव्हता, आणि राग नसल्यामुळे सर आणखीच जळले. चोरी पकडूनही ही बाई मोठीच.

त्यांनी आठवडाभर स्वतःचे प्रश्न काढले. शुक्रवारी बाईंना गाठून यादी दाखवली. बाई वाचू लागल्या. "मत्सर म्हणजे काय? सोदाहरण स्पष्ट करा." "माणसाच्या जीवनात एकाकीपणाचे स्थान कोणते?"

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अवो सर, हे तर पेपरातलं! याचं उत्तर सगळा वर्ग दील. ज्याचं उत्तर तुमालाच द्यायला लागंल, आन् देताना नको वाटंल, असं इचारा. त्यात नाव पायजे, जागा पायजे."

"आणि नको वाटणारंच का?"

"जे सांगायला बरं वाटतंय ते तुमी कवाच लिवून टाकलंय की. तेवीस वर्षं."

सरांना हे वर्मी लागलं. संतापून घरी आले, जेवले नाहीत, आणि त्या संतापातच कागदावर लिहिलं: "या बाईच्या गोष्टीनं माझ्या पोटात का दुखतं?" पाहिलं, तर हाही पेपरातलाच. त्यांनी "का" खोडला. "पहिल्यांदा कधी दुखलं?" मग "कधी"ही खोडून लिहिलं, "कुठं?" आणि हात थांबला, कारण उत्तर लगेच आलं होतं.

अकलूजचं साहित्य संमेलन. नऊ वर्षं झाली. मंडपामागं ही बाई रेघी कागदांवरची पहिली गोष्ट घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली होती. सरांनी ती उभ्याउभ्या वाचली होती, आणि ती चांगली होती. जागा, मंडपाची मागची कनात. मी नाही, 'तो'. पहिलं वाक्य कागदांपासून. त्यांनी घड्याळ लावलं, आणि ते वाजल्यावरही लिहीत राहिले. सव्वा वर्षानंतर हात दुखला, आणि पोट मात्र दुखलं नाही.

सोमवारी गोष्ट पाठवण्याआधी त्यांनी रविवारी ती फक्त बाईंना वाचून दाखवली. बाकीचे उतरून गेले होते. गोष्टीतला मास्तर कनातीमागं कागद परत देतो आणि म्हणतो, "अजून थोडी घासायला हवी." तिथं सरांनी चष्मा काढून पुसला. इतका खरेपणा आपण आजवर दाखवला नव्हता, असं त्यांना वाटलं.

बाई म्हणाल्या, "गोष्ट लई चांगली झाली. ते एक वाक्य खोटं हाय."

"कोणतं?"

"घासायला हवी, असं न्हवता म्हणाला तुमी. तुमी म्हणालता, 'बाई, तुम्ही उसाचं वजन करा, शब्दांचं आमच्यावर सोडा.' बाजूची मानसं हसली. त्यावर मी आठ वर्षं कागदाला हात लावला न्हाय."

काय वाक्य होतं! नेमकं, धारदार, एकही शब्द जास्तीचा नाही. सरांच्या पोटात कळ उठली. असलं या बाईला सुचतं कसं, आणि आपल्याला का नाही?

मग त्यांच्या ध्यानात आलं की वाक्य त्यांचंच होतं.

त्यांनी घासण्याची ओळ खोडली. तिच्या वर लिहिलं, "बाई, तुम्ही उसाचं वजन करा, शब्दांचं आमच्यावर सोडून द्या."

बाई वाकून बघत होत्या.

"सोडून द्या न्हवं, सर," त्या म्हणाल्या. "नुसतं 'सोडा'."