एका दिवसात, तुमच्याच टेबलावर

नवरा पाचव्यांदा मेल नव्याने लिहायला बसला, तेव्हा बायको स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली.

त्याचा धंदा शाळा-कॉलेजांचे मायक्रोस्कोप दुरुस्त करण्याचा. पूर्वी तो स्वतः प्रयोगशाळांमध्ये जायचा. दोन वर्षांपूर्वी पायांतली ताकद गेली, जिने चढणं बंद झालं. मग त्याने नवी योजना काढली: मायक्रोस्कोप आमच्या दुकानात पाठवा, महिन्याभरात दुरुस्त करून परत पाठवतो. ओळखीच्या चारशे बारा शिक्षकांची यादी केली आणि मेल पाठवायला लागला.

चार मेल गेले. दर वेळी त्याने विषयाची ओळ बदलली. एकदा मजकूर निम्म्यावर आणला, एकदा सवलतीची ओळ वर घेतली. मेल पोचत होते, वाचलेही जात होते. उत्तरं येत होती, ती काय वाचल्याशिवाय? पण काम एकही नाही. उलट गेल्या खेपेला एकतीस जणांनी यादीतून नाव काढायला सांगितलं.

"या वेळी सुरुवातच प्रश्नाने करतो," तो म्हणाला.

बायकोने आलेली सगळी उत्तरं कागदावर उतरवून घेतली होती. शिवाय सहा शिक्षकांना फोनही केले होते. प्रत्येकाने वेगळ्या शब्दांत एकच सांगितलं होतं: महिनाभर मायक्रोस्कोप बाहेर गेले तर मुलांचे प्रयोग कसे घ्यायचे? तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"अहो, शब्दांत खोट नाहीये. त्यांना सगळं नीट कळलंय, म्हणूनच ते नाही म्हणतायत. आता यादीतल्या लोकांना त्रास देणं थांबवू या."

त्याने कागद दोनदा वाचला. तेवढ्यावरून त्याला पुढचं उमगलं. "म्हणजे तिथे जाऊन करायचं."

"एका दिवसात. त्यांच्याच टेबलावर."

"तू जाणार."

एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी बसून ती काम शिकली होती. ती नुसतीच हो म्हणाली. पाचवा मेल त्याने स्वतःच पुसला. ती उठून आत गेली, नळ सोडून भांडी घासत राहिली, आणि रडली.

नवी योजना त्यांनी सगळ्या यादीला पाठवली नाही. आधी फक्त पंचवीस जणांना, चार साध्या ओळींत, दुरुस्तीला ती येईल असं लिहून. आठवड्यात सात जणांनी तारीख मागितली. सातही जणांनी विचारलं होतं, मॅडम कधी येतील? ते मेल त्यानेच तिला वाचून दाखवले, आवाज अगदी स्थिर ठेवून.

पहिल्याच प्रयोगशाळेतून दुपारी तिने त्याला फोन केला. एक स्क्रू अडकलाय, काय करू, असं विचारलं.

तो हळूच म्हणाला, "तुला येतं गं ते. उगाच विचारू नकोस."

फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.