चौदा सेकंद जास्त

सणाची ओळख एका मिनिटात करून द्यायची म्हणजे अख्खं बिऱ्हाड एका पिशवीत भरण्यासारखं, असं आई म्हणायची. तरी तिनं आठ सण भरले होते. नववा राहिला आणि ती गेली.

मालिका साधी होती. वर्षातले नऊ मोठे सण, प्रत्येकाची एक मिनिटाची फिल्म. शहरात नव्यानं राहायला आलेली, दुसऱ्या चालीरीतींत वाढलेली माणसं ज्या केंद्रात कागदपत्रं करायला येतात, तिथल्या पडद्यांवर ती लागायची. सण जवळ आला की त्याची फिल्म आठवडाभर फिरत राहायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच. म्हणून तारीख आवाजात कधी बोलायची नाही असा नियम होता. सण चंद्राबरोबर पुढेमागे सरकतात, तेव्हा तारखेची पाटी दरवर्षी बदलायची आणि आवाज तोच ठेवायचा. मिनिट म्हणजे साठ सेकंद, एकसष्ट नाही. एक फिल्म लांबली की पुढच्या सूचनेचं पहिलं वाक्य कापलं जातं, आणि ती सूचना बहुधा कुठल्या खिडकीवर रांग लावायची याची असते.

मुलगी त्या फिल्मा जोडायची. ती संकलक होती. फिल्मांना आवाज आईचा. आई निवृत्त शिक्षिका, म्हणून ऑफिसात सगळे तिला बाई म्हणायचे. मालिकेचा निर्माता हातात स्टॉपवॉच घेऊनच ऐकायला बसायचा, त्यामुळे पाठीमागे त्याचं नाव घड्याळमास्तर पडलं होतं. पहिल्याच दिवशी त्याचा आणि आईचा एका शब्दावरून खटका उडाला होता. संहितेत होतं, ‘या दिवशी लोक दिवे लावतात.’ आई म्हणाली, लोक म्हटलं की प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापुढे उभं राहून माहिती सांगितल्यासारखं वाटतं. मग ‘आम्ही’ करू, असं तो म्हणाला. आई म्हणाली, आम्ही म्हटलं की कुंपण आलं, ऐकणारा बाहेर. आपण म्हणायचं. आपण दिवे लावतो, आपण शेजाऱ्याकडे जातो. नव्या माणसाला दारातच आत घ्यायचं. घड्याळमास्तरांनी मान्य केलं आणि तेव्हापासून आठही फिल्मांत ‘आपण’ होतं.

नववा सण गेलेल्या माणसांच्या आठवणीचा. त्याची संहिता मुलीनंच लिहिली होती. आई आजारी पडली आणि संहिता टेबलावरच पडून राहिली.

तेरावा झाल्यावर मुलगी कामावर गेली, तेव्हा घड्याळमास्तरांनी तिला चहा दिला आणि बराच वेळ चहाबद्दलच बोलत बसले. मग मुद्द्यावर आले. सण पंधरवड्यावर आला होता. एका मालिकेला एकच आवाज लागतो. नववी फिल्म दुसऱ्या बाईंनी वाचली तर पहिल्या आठही त्यांच्याकडूनच पुन्हा वाचून घ्याव्या लागतील. त्या बाई गुरुवारी मोकळ्या आहेत, असं सांगून त्यांनी कप खाली ठेवला. मुलगी हो म्हणाली. तिला तेव्हा कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचं बळ नव्हतं. इतके दिवस माणसं येऊन काहीबाही बोलून जात होती आणि ती सगळ्यांना हो म्हणत होती.

घरी आल्यावर तिनं हे भावजयीला सांगितलं. भावजय धाकट्या भावाची बायको, लांबून आलेली, दुसऱ्या रीतीभातीत वाढलेली. आईनं तिला पहिल्याच वर्षी ‘वन्सं’ हा शब्द शिकवला होता आणि तिनं तो इतका मनावर घेतला की मोठ्या नणंदेला आता जगात दुसरी कुणीही त्या नावानं हाक मारत नसेल. भाजी निवडता निवडता भावजय म्हणाली, तो नववा तर आईंनी वाचलाय, माझ्या फोनमध्ये. त्या म्हणाल्या, बघू तरी किती वेळ लागतो. पलंगावर बसूनच वाचला.

मुलगी हातातलं सगळं तसंच टाकून तिच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून तिनं ते रेकॉर्डिंग उघडलं. सुरुवातीला आईचा आवाज, ‘झालं का गं सुरू?’ मग घसा खाकरणं. मग वाचन. चौऱ्याहत्तर सेकंद. आवाज बसलेला, पण आईचाच. त्यामागे तिच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ, टिक, टिक, टिक. आणि तिसऱ्या वाक्याला आई म्हणाली, ‘या दिवशी आम्ही गेलेल्यांसाठी एक दिवा लावतो.’

आम्ही. संहितेत ‘आपण’ होतं.

चौदा सेकंद जास्त आणि एक शब्द चुकलेला. एवढं दुरुस्त झालं तर नऊच्या नऊ फिल्मा आईच्या राहणार होत्या आणि दरवर्षी सणासणाला ती त्या पडद्यांवर बोलणार होती. नाही झालं, तर गुरुवारी दुसऱ्या बाई.

तिनं आधी सोपा रस्ता धरला. वाचनाचा वेग थोडा वाढवला. आई घाईत बोलायला लागली, जी ती जन्मात कधी बोलली नव्हती. त्यावर कडी म्हणजे मागचं घड्याळही पळायला लागलं, जसं काही खोलीतला काळच कुणी हाकलत नेत होतं. ते सोडलं. मग तिनं श्वास कापायला घेतले. आजारात आई प्रत्येक ओळीला दम घ्यायची. असे श्वास काढायचं काम संकलक रोज करतात, ऐकणाऱ्याला कळतही नाही. तिनं चार काढले आणि ऐकलं. घड्याळाची लय तुटत होती. टिक, टिक, मग अर्ध्यावरच पुन्हा टिक. आणि न थांबता, दम न घेता बोलणारी आई ऐकवेना. श्वास न घेणारी आई तिनं एकदा पाहिली होती. तेवढं पुरे होतं. तिनं चारही श्वास परत जागच्या जागी ठेवले.

म्हणजे कापायचं ते पुऱ्या सेकंदातच, टिकटिकीपासून टिकटिकीपर्यंत. आणि शब्दांतूनच.

पहिलं वाक्य होतं, ‘वर्षभरातले आठ सण पाहून झाले, आता शेवटचा.’ ज्यानं आधीच्या आठ फिल्मा पाहिल्याच नाहीत त्याला त्याचा उपयोग काय? ते गेलं, पाच सेकंद. सण कोणत्या पंधरवड्यात येतो हे वाक्य तिनंच नियम विसरून लिहिलं होतं. ते पाटीवर जाईल. चार सेकंद. राहिले पाच. ‘काही घरांत सकाळी, काही घरांत संध्याकाळी’ हे काढता येत नव्हतं, नाहीतर नव्या माणसाला वाटेल सगळी घरं एकाच साच्यातली, आणि संध्याकाळी दिवा लावणाऱ्या घरातून तक्रार येईल ती वेगळीच. खिडकीतला दिवा, रिकामी खुर्ची, नाव घेऊन काढलेली आठवण, हे तर सणाचा गाभा.

शेवटी प्रत्येक फिल्ममध्ये येणारा भाग होता: कुणाच्या घरी गेलात तर काय म्हणायचं. इतर सणांत तिथं शुभेच्छा होत्या. इथं आई वाचत होती, ‘या दिवशी कुणाच्या घरी गेलात तर काही बोलायला हवं असं नाही. बसा थोडा वेळ.’ आणि मग पाच सेकंद कुणीच बोलत नव्हतं. नुसतं घड्याळ. त्यानंतर अगदी हलकं, भावजयीचं ‘हं.’

ते ‘हं’ मिनिटाच्या बाहेर ठेवायचं ठरलेलंच होतं. पण त्याआधीचे पाच सेकंद? धंद्याच्या रीतीनं तेच उडवायचे. रिकामे पाच सेकंद कुणी ठेवत नाही.

आता उरलं एकच वाक्य, तिचं स्वतःचं, लाडकं. ‘गेलेली माणसं दूर जात नाहीत, ती फक्त दार लोटून घेतात.’ तेही नेमकं पाच सेकंद. आईनं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्म्यावरून बघून म्हणाली होती, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता मुलगी हेडफोन काढून बसली. दार लोटलेलं नव्हतं. आई नव्हती. तिनं ते वाक्य उचलून बाजूला टाकलं आणि रिकामे पाच सेकंद ठेवले. साठ झाले. टिकटिक एकदाही अडखळली नाही.

राहिला शब्द. सुगीच्या सणाच्या फिल्ममधून तिनं आईचं ‘आपण’ उचलून ‘आम्ही’च्या जागी बसवलं. ते आनंदी होतं. आजाऱ्याच्या खोलीत कुणी नवी साडी नेसून यावं तसं. आठही फिल्मांतलं एकेक ‘आपण’ लावून पाहिलं. एकही बसेना.

संध्याकाळी तिनं भावजयीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही ऐकवलं आणि विचारलं, आईनं शब्द का बदलला असेल?

भावजय म्हणाली, बदलला नाही, त्या मला सांगत होत्या. वाचताना कागदाकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाली, ‘वन्सं, दिव्यांच्या सणाला मी पहिल्या वर्षीच दिवे लावले. ते आपण म्हटलं तरी चालतं. पण तुमची गेलेली माणसं मी कधी पाहिलीच नव्हती. आपण म्हणाल्या असत्या तर मला खोटं खोटं रडावं लागलं असतं. आम्ही म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, तू नुसती बस.’

दुसऱ्या दिवशी घड्याळमास्तर ऐकायला बसले, अंगठा स्टॉपवॉचवर. ‘आम्ही’ आलं तेव्हा त्यांनी भुवई उंचावली. शेवटच्या पाच सेकंदांत त्यांचा अंगठा दोनदा हलला आणि थांबला. फिल्म संपली.

‘आपण हा शब्द बाईंनीच ठरवला होता ना?’ ते म्हणाले.

‘हो. आणि बाईंनीच मोडला.’ मुलीनं भावजयीचं म्हणणं तिच्याच शब्दांत सांगितलं. काही जोडलं नाही, काही सजवलं नाही.

त्यांनी स्टॉपवॉच तिच्याकडे वळवलं. साठ. मग खाली लिहून येणाऱ्या ओळींतही ‘आम्ही’च ठेवा, निम्मे लोक आवाज बंद करूनच बघतात, एवढं सांगून ते गुरुवारच्या बाईंना नको म्हणून कळवायला उठले. दारात थांबून काही बोलणार होते, बोलले नाहीत. तिला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

फिल्म लागली त्या आठवड्यात ती केंद्रात बघायला गेली नाही. जाणं जमण्यासारखं होतं, पण पाय निघाला नाही. थकवा आता अंगात घर करून राहिला होता. सणाच्या आदल्या संध्याकाळी ती आईच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली. भिंतीवरचं घड्याळ आपलं चालूच होतं. आता त्याची टिकटिक ऐकली की तिला आपोआप कापायच्या जागा दिसायच्या.

भावजय हात पुसत दारात आली. आत यावं की नाही अशी उभी राहिली.

‘वन्सं, उद्या आपल्याकडे आईंचं पहिलंच आहे. आपण काय करायचं असतं?’

मुलीनं मान वर केली. तो शब्द तिनं आदल्या आठवड्यात आठ फिल्मांत शोधला होता.

‘आईनं सांगितलंय की,’ ती म्हणाली, आणि पलंगावर सरकून जागा केली.