रिकाम्या डब्याचं वजन

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मी माझी हातोटी हरवली असं समजेन. पण आयुष्यात मी उचललेली, म्हणजे दुसऱ्याला उचलताना पाहिलेली, सगळ्यात जड वस्तू म्हणजे एक रिकामा डबा.

हे मी पहिल्यांदा सांगितलं ते मुळे बांधायच्या दिवशी. पहिला बर्फ पडायच्या आत लोणच्याचे मुळे वाळायला हवेत, म्हणून सायो आजींच्या पडवीत आम्ही चौघं बसलो होतो. सायो आजी एकाही मुळ्याची पानं न तोडता दोरीत गाठ मारत होत्या. कानबेई सुतार बांधलेल्या माळा आढ्याला टांगत होता. आणि हात्सुए, गेल्या वसंतात शहरातून या गावात सून होऊन आलेली पोरगी, गार पाण्यात मुळे धूत होती.

"झालं सुरू," कानबेई शिडीवरून म्हणाला. "म्हातारबा, गेल्या वर्षी तुमच्या गोष्टीत धूर गोठला होता."

"गोठला होताच. धुराड्यातून करवतीनं कापून काढला. पण हे त्याच्याही आधीचं, आणि इथलं नाही. खिंडीपलीकडच्या गावातलं."

सायो आजींनी मान वर केली नाही. त्यांना ऐकू कमी येतं, असं त्या म्हणतात.

तर, खिंडीपलीकडे गेनपाची नावाचा एक माणूस होता. एकटा, ताठ, कुणाचं काही घ्यायचं नाही असा बाणा. शेजाऱ्यानं विस्तव दिला तरी हा आपला गारगोटी घासत बसायचा. त्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की कावळे चालत देवळाच्या घंटेवर जाऊन बसत. आणि नेमका तेव्हाच गेनपाची तापानं आडवा झाला.

"छपरावर बर्फ साचला म्हणजे काय होतं, माहीत आहे का?" मी हात्सुएला विचारलं.

"घर पडतं."

"आधी दारं अडकतात. मग तुळया कण्हायला लागतात. माणूस आत पडून ऐकत राहतो. गेनपाचीनं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वर फावडं वाजलं. ओढ्यापलीकडची विधवा, ओताकी तिचं नाव, शिडी लावून चढली होती. कंबर अधू. थोडं या बाजूचं, थोडं त्या बाजूचं असा बर्फ काढायचा, नाहीतर घर एकीकडे कलतं; तसा तिनं काढला. तीन दिवस रोज. आणि उतरताना दारात डबा ठेवून जायची: उकडलेले मुळे, भाताचे गोळे. लाखेचा लालभडक डबा."

"बोलावलं होतं तिला?"

"कोणी नाही. ठरलं नव्हतं, मागितलं नव्हतं, तिनंही काही मागितलं नाही."

ताप उतरला. गेनपाची बाहेर आला तेव्हा गावातला सुतार रस्त्यात भेटला. म्हणाला, "छप्पर छान मोकळं झालं की रे तुझं." आणि गेनपाची म्हणाला, "हो. आपोआप घसरला बर्फ."

शिडीवर कानबेई थांबला. "हे असं बोलला तो?"

"बोलला. सुतार वर बघून म्हणाला, 'घसरतो तेव्हा सगळाच घसरतो, छपराचं गवतही ओढून नेतो. इथं चार बोटं थर राखलेला दिसतोय. गवत जपायला फावडं मारणाराच असा थर राखतो.' गेनपाची म्हणाला, 'मग वाऱ्यानं केलं असेल.' आणि सुतार हसला नाही, ओरडला नाही. नुसता दुसरीकडे बघायला लागला. त्या दिवसापासून सगळं गाव दुसरीकडे बघायला लागलं."

हात्सुए मुळा हातात धरून थांबली. "पण आजोबा, मला एक कळत नाही. त्यानं मोडलं काय? वचन दिलं नव्हतं. खोटं बोलला, ते वाईट. पण समजा काहीच बोलला नसता, गप्प बसला असता, तरी तुमचं गाव तोंड फिरवणारच. ती स्वतःहून चढली. तिच्या मनाची हौस. मग तो तिचं काय लागतो?"

"काहीच नाही."

"मग?"

"वाऱ्यानं बर्फ नेला तर तू वाऱ्याचे आभार मानशील?"

"नाही."

"का नाही?"

तिनं जरा विचार केला. "वाऱ्याला माझं घर माहीतच नाही."

"तेच! ओताकीला माहीत होतं. तिला त्याचं घर माहीत होतं, आत माणूस पडलाय हे माहीत होतं, आणि तो मरू नये असं तिला वाटलं. म्हणून ती चढली. बर्फ गेला ते आहेच, पण खरी वस्तू ती होती: कुणाला तरी तू हवा होतास. गप्प बसला असता तरी त्यानं त्या बाईला वाराच केलं असतं."

"स्वतःसाठी केलं असेल," कानबेई म्हणाला. "छपराचा बर्फ तिच्या पायवाटेवर पडला असता तर?"

"गेनपाचीनंही तोच आधार शोधला. बाहेर जाऊन पाहिलं. तिची पायवाट ओढ्याच्या त्या काठानं, त्याच्या छपरापासून साठ पावलं. परत आला तो जास्तच चिडून. कारण तिच्या हिताचं निघालं असतं तर थोडी सुटका झाली असती. अर्ध्यावर भागलं असतं."

गावानं ओताकीला डिवचलं. 'जाऊन विचार ना त्याला, जीभ आहे का म्हणावं.' ती म्हणाली, "मागून घेतलेले आभार म्हणजे त्याच्या तोंडून मीच मला शाबासकी दिल्यासारखं होईल."  एवढंच की डबा त्याच्याकडे राहिला होता, आणि तिला लेकीकडे बंदराच्या गावी जायचं होतं. बर्फ वितळून बस सुरू झाली की. परत येईन की नाही माहीत नाही, असंही म्हणाली होती.

बस सुरू व्हायची वेळ आली. गेनपाचीनं डबा धुतला, पुसला, फडक्यात बांधला आणि निघाला.

"रिकामा?" हात्सुए जवळजवळ किंचाळली. गावात येऊन सहाच महिने झाले, पण एवढं तिला कळलं होतं. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो. काहीच नसेल तर घडी केलेला कागद, नाहीतर आगपेटीतल्या दोन काड्या तरी घालायच्या.

"रिकामा. म्हणाला, 'डबा तिचा, तिला दिला, संपलं.' अंगणात डबा मुळ्याएवढा जड झाला. कुंपणापाशी पोत्याएवढा. ओढ्यावरच्या पुलापर्यंत त्याच्या लाकडी चपला गुडघाभर खोल रुतल्या आणि पूल धनुष्यासारखा वाकला."

"ऐका," कानबेई म्हणाला.

"तो परत फिरला. डोकं चाललं. म्हणाला, रिकामा जड होतो काय, मग भरतो. नवा खारवलेला साल्मन मासा आणला, त्याच्यावर एक पिंपभर दारू ठेवली, वरून रेशमाचा तागा. तीन दिवसांच्या फावड्याला पुरून उरेल एवढं. डबा हलेचना. शेवटी गावातला बैल जुंपला. बैलानं ओढला, आणि ते दोघं तिच्या दारात पोहोचले तेव्हा ओताकी गाठोडं बांधून बसली होती."

"मग तिला आनंद झाला असेल."

"ती बघत राहिली. म्हणाली, 'गेनपाची, माझी मजुरी एवढी होते का रे? आता आपलं काही राहिलं नाही म्हणायचं.' बस, एवढंच. त्याला वाटलं होतं की तो मोठ्या मनाचा झाला. पण पोरी, एवढ्या घाईनं, एवढं मोठं परत करणं म्हणजेही पळणंच. 'तुझं माझ्यावर काही आहे' हे ज्याला सोसवत नाही तो फेडत नाही, पुसून टाकतो. तिला साल्मन नको होता. तो परत ओढत घरी आला, आणि डब्यासमोर बसला. बसला म्हणजे, रडला. ते मला बैलानं सांगितलं."

"मग?"

"मग त्यानं सगळं काढून टाकलं. खिशात दोन काड्या सापडल्या, त्या ठेवल्या. झाकण लावलं. डबा उचलला. आणि ऐका, तो पिसाएवढा हलका! पुलावर तर तो तरंगायला लागला, गेनपाचीला तो धरून खाली ओढावा लागला."

मी दोरी खाली ठेवली. इथं नेहमीच माझा आवाज जरा बसतो, थंडीमुळे.

"बस थांब्यावर होती. ओताकीचा एक पाय पायरीवर. हा धापा टाकत गेला, डबा पुढे केला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला: 'फावडं वाजत होतं तेव्हा मी जागा होतो. तिन्ही दिवस. हाक मारता येत होती, मी झोपेचं सोंग घेतलं. कारण हाक मारली असती तर मान्य करावं लागलं असतं की तू आली नसतीस तर मी आज नसतो. तू आलीस. मी कोण तुझा? तरी आलीस.' आणि इतका वाकला की टोपी चिखलात गेली."

"ती काय म्हणाली?" हात्सुएनं विचारलं. मुळे तसेच पाण्यात.

"झाकण उघडलं, काड्या बघितल्या, हसली. दुसऱ्या महिन्यात परत आली, बंदराच्या गावातले मुळे पाण्यासारखे लागतात म्हणून. तेव्हापासून तो दर हिवाळ्यात तिच्या छपरावर चढतो. फेडायला नाही, हं. फेडून संपणारं ते नव्हतंच. आवडतं म्हणून. आणि त्या दोन काड्या तिनं त्या संध्याकाळी लेकीच्या घरी पेटवल्या, तर दोन्ही अशा भडकल्या की सगळ्या खोऱ्यातला उरलासुरला बर्फ वितळला आणि पुढच्या वर्षी वसंत चार दिवस आधी आला!"

कानबेई शिडीवरून खाली उतरला आणि मोठ्यानं हसला. हात्सुए हसली नाही. ती मुळे धुवायला लागली, पण थोड्या वेळानं म्हणाली, "मी सासूबाईंना एकदाही... त्या पहाटे उठून माझ्यासाठी पाणी तापवतात." आणि पुढचा मुळा हातात घेतला. पुढचं बोलायला नकोच होतं.

मी माझ्या मिशांवरचं पाणी पुसून ऐटीत चहाचा कप उचलला. तेवढ्यात सायो आजींनी, ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी, गाठ मारता मारता मान वर न करता मला म्हटलं:

"यासुके, डबा काळा होता, लाल नव्हता. बैल तर या गावात कधी नव्हताच. आणि त्या दोनातली एक काडी ओली होती."