पेटीत तीन बोटं

शाळेच्या नव्या इमारतीवर मिक्सरची टोळी अक्काची होती. टोळी म्हणजे सहा बायका, दोन पुरुष आणि मिक्सर चालवणारा एक बहिरा ड्रायव्हर. तो खरा बहिरा नव्हता, पण मिक्सर सुरू असताना त्याला काहीच ऐकू यायचं नाही आणि बंद असताना तो ऐकून घ्यायचा नाही. हेडमिस्त्री होता अक्काचा धाकटा दीर. घरी तो तिच्या हातचं गरम गरम जेवायचा आणि कामावर तिलाच गरम गरम बोलायचा.

त्या दिवशी कॉलम भरायचे होते. प्रमाण ठरलेलं होतं. एका गोणीला दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी. पेटी लाकडाची, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, आतून चाळीस सेंटिमीटर लांब, पस्तीस रुंद, पंचवीस खोल. एका गोणीतलं सिमेंट ओतलं की काठोकाठ भरावी, अशा बेतानंच ती बनवली होती. अर्ध्या पेटीसाठी आत मध्यावर तांबडी रेघ. पेटी भरली की वरून फळी फिरवून ती सपाट करायची, शीग ठेवायची नाही, हा अक्काचा नियम. तिची सून दर पेटीमागे भिंतीवर खडूची रेघ मारायची.

पहिला कॉलम भरून झाला आणि दीर वरून ओरडला की माल खरखरीत आहे, सळी खुपसली तर खडी खडीवर घासते. दुसऱ्याला तो म्हणाला, वर नुसतं पाणी सुटतंय. तिसऱ्याच्या वेळी तो शिडी उतरून खालीच आला.

“वहिनी, पेट्या शीग लावून भरताय. सिमेंट पुरणार कसं?”

अक्कानं फळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, समोर उभे राहून बघा. तो उभा राहिला. तिनं वाळूची पेटी भरली, फळी फिरवली, वरची वाळू खाली पाडली. खडीच्या तीनही पेट्या तशाच. सुनेनं रेघा मोजून दाखवल्या. पाणी नेहमीच्याच बादलीनं, नेहमीइतकंच. त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही, म्हणून तो अजूनच चिडला. म्हणाला, मी बघतोय तेव्हा बरोबर भरता.

आता माणसानं यावर बोलावं तरी काय? अक्काच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण सून शेजारी उभी होती. तिनं गिळून टाकलं.

दिरानं साहेबांना फोन लावला. इंजिनियरसाहेब दुसऱ्या कामावर होते. त्यांनी फोनवरच निदान केलं की वाळू ओली असणार, ओली वाळू फुगते, त्यामुळे पेटीत खरी वाळू कमी बसते. दर खेपेला दोन घमेली वाळू वाढवा. अक्कानं फोन मागून घेतला आणि सांगितलं, साहेब, वाळू कोरडी आहे, मूठ उघडली की भुरभुर गळते. साहेब म्हणाले, मिस्त्री सांगतो तसं करा. फोन बंद झाला.

तिनं दोन घमेली वाढवली. माल आणखी बिघडला. शटरिंगच्या फळ्यांच्या फटींतून गढूळ पाणी वाहायला लागलं आणि वरून दिराचा आवाज. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, ड्रायव्हर आभाळाकडे. अक्काला वाटलं, सगळं टाकून घरी जावं आणि दोन दिवस स्वयंपाकही करू नये.

गोण्या आणून मिक्सरमध्ये ओतणारा गडी तेवढ्यात पुढची गोणी खांद्यावरून घेऊन आला. रोज दहा गोण्यांनंतर तो कंबर धरून बसायचा. आज ताजातवाना होता, उलट काहीतरी गुणगुणत होता. अक्कानं विचारलं, आज अंगात काय संचारलंय? तो म्हणाला, काय नाही, आज गोण्या हलक्या लागतायत. रात्री झोप चांगली झाली म्हणून असेल.

अक्का एकदम थांबली. तिनं मिक्सर बंद करायला लावला, रिकामी पेटी पुसून घेतली आणि गड्याला म्हणाली, ही गोणी यात ओत. त्यानं ओतली. तिनं पेटी जराशी ठोकली, वरून फळी धरली. एरवी काठाला टेकणारं सिमेंट काठापासून तीन बोटं खाली राहिलं होतं.

सुनेनं रिकामी गोणी उलटी केली. रंग तोच, नाव जवळपास तसंच, आणि शिवणीजवळ बारीक अक्षरांत, नेहमीच्या पन्नासच्या जागी, चाळीस किलो.

सिमेंटच्या कोठीवाल्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, हो, नेहमीचा माल संपला होता, काल संध्याकाळी दुसऱ्या कारखान्याचा आला. चलनावर चाळीस लिहिलंय की. शंभर गोण्या मागवल्या, शंभर मोजून घेतल्या.

“आणि मला सांगितलं का नाहीस?”

“अक्का, गोणी म्हणजे गोणी. त्यात सांगायचं काय?”

अक्कानं कपाळाला हात लावला. सकाळपासून सगळे तिच्या हाताकडे बघत होते आणि गोणीकडे कुणीच बघितलं नव्हतं. खरं तर तिनंही.

साहेब आले तोवर सव्वाअकरा झाले होते. अक्कानं पेटी दाखवली, गोणी दाखवली. साहेबांनी दोनदा वाचलं, मग भरलेल्या तीन कॉलमकडे बघितलं आणि म्हणाले, बघू, नमुन्याचे ठोकळे तपासून बघू, कदाचित चालून जाईल.

“पाचवा हिस्सा सिमेंट कमी पडलंय, साहेब. तिसऱ्यात वर तुमची दोन घमेली,” अक्का म्हणाली. “तपासणीचा निकाल येईस्तोवर वर स्लॅब चढलेला असेल. आत्ता ओलं आहे, आत्ता निघेल.”

दीर कॉलमला टेकून उभा होता. त्यानं हातोडा उचलला, साहेबांकडे एकदा बघितलं. साहेबांनी मान हलवली, तशी त्यानं शटरिंगची पहिली पाचर ठोकून काढली.

तिन्ही कॉलम उघडले. पहिला घट्ट व्हायला लागला होता, त्याला पहार लागली. बाकीचे दोन फावड्यानं ओढले तसे ढासळले. सकाळभर ज्या बायकांनी माल भरला, त्याच आता तो उपसत होत्या, आणि अक्काकडे अशा बघत होत्या की जणू सिमेंट तिनंच खाल्लं. सळ्या घासून धुतल्या. जेवण उभ्या उभ्या झालं.

पेटीचा हिशोब सोपा होता. पन्नासाला पंचवीस खोल, तर चाळिसाला वीस. सुतारानं वरची पाच सेंटिमीटरची पट्टी चारही बाजूंनी करवतीनं उतरवली. सुनेनं लगेच आठवण करून दिली की अर्ध्याची रेघही खाली येणार, आणि दहा सेंटिमीटरवर नवी ओढली. जुनी तिनं खरवडून काढली, नाहीतर कुणीतरी तिच्यापर्यंतच भरलं असतं.

दुपारी पहिली खेप पडली. दीर वरून काहीच बोलला नाही. सळी खुपसली, ती सरळ आत गेली. दुसऱ्या खेपेलाही गप्प. तिसऱ्या खेपेला म्हणाला, जरा लवकर द्या, अंधार पडायच्या आत तिन्ही व्हायला हवेत.

चुकलो असं तो म्हणाला नाही. साहेबही नाही. कोठीवाल्यानं तर संध्याकाळी विचारलं, उद्या पुन्हा पन्नासच्या आल्या तर पेटीचं काय करणार? अक्का म्हणाली, कापलेली पट्टी मी ठेवलीय, परत ठोकू. पण आधी तू माझ्याकडे येऊन आकडा सांगायचा, मग गोणी खाली उतरवायची.

तो हो म्हणाला. तिचा काही विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच आली आणि कोठीत शिरून गोण्यांची शिवण बघत बसली.