दिग्रसची मिशी

बबनरावांची एकच मिजास होती. तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं नाव आपल्याला तोंडपाठ आहे, असं ते चहाच्या टपरीपासून तेराव्याच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना ऐकवत. बाजार समितीच्या निवडणुकीतला त्यांचा सारा प्रचार याच एका गोष्टीवर चालला होता. खरं तर त्यांना येत होता एकच शब्द, तो म्हणजे ‘भाऊ’. पण तो ते अशा गोडीनं म्हणत, की समोरच्याला वाटावं, आपल्या आईनंच हाक मारली!

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. तीनपर्यंत मुदत होती आणि सव्वादोन झाले, तरी सही करणारा सूचक नेरच्या बसमध्येच अडकलेला. बबनरावांना घाम फुटला. सूचकाशिवाय अर्ज म्हणजे रद्दी. मग वर्षभर वाटलेले नमस्कार पाण्यात.

“रामराम, बबनराव!”

कचेरीच्या दारात पांढऱ्या पागोट्याचा, भरघोस मिशीचा माणूस उभा. बबनरावांचा चेहरा फुलला आणि त्याच क्षणी उतरला. माणूस ओळखीचा, दिग्रसकडचा त्याचा तांडा ओळखीचा, मिशी तर चांगलीच ओळखीची. नाव मात्र साफ गुल!

“अरे, भाऊ! कवा आले? घरचे सारे बरे?” बबनरावांनी दोन्ही हात धरले. हात धरला की विचार करायला तेवढीच सवड मिळते.

“बरे हायेत. तुम्ही घाबरल्यावानी काहून दिसून राह्यले?”

“सूचक आला नाही, भाऊ. तुमचं नाव मतदार यादीत हाये न?”

“हाये तर.”

आता यादीत नाव शोधायचं तर नाव हवं. बबनरावांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मेहुण्याला, कपिलला, चिमटा काढला. ही त्यांची जुनी युक्ती. चिमटा बसला की कपिलनं पुढं होऊन स्वतःचं नाव सांगायचं, म्हणजे समोरचाही आपलं सांगतो. “हा माझा मेहुणा. तुमची ओळख नसंल न?” बबनराव म्हणाले.

“मी कपिल,” कपिल बोलला, आणि तिथंच थांबायचं सोडून पुढं हसला, “पण यायले कोन नाही ओळखत!”

पाहुणाही हसला. नाव काही आलं नाही. बबनरावांनी मनातल्या मनात मेहुण्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि दुसरा डाव टाकला. “भाऊ, माझा मोबाईल नवा हाये. तुमचा नंबर तुमच्याच हातानं टाका, आन् नावही लिहून द्या.”

मोबाईल नवा होता, त्यातले नाव-नंबर मात्र जुन्या मोबाईलमधून जसेच्या तसे आलेले. माणसानं एकेक आकडा दाबला. दहावा पडताच पडद्यावर जुनी नोंद उगवली. माणसानं ती मोठ्यानं वाचली, “दिग्रसची मिशी.”

कपिल खोकला. बबनरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आता काहीतरी थाप मारावी, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण घड्याळात अडीच वाजले होते आणि थाप सुचेना. लाज वाटली, खरीखुरी वाटली.

“माफ करा,” ते म्हणाले. “तुमचं नाव डोक्यातून गेलं, सरळ सांगतो. पण मे महिन्यात माझी गाडी पंचर झालती, तवा तुम्ही मले तांड्यावर नेलं, हे नाही इसरलो. तुमच्या आईनं, हंसाबाईनं, लोटाभर ताक देलं आन् उन्हात टोपी नाही घातली म्हणून रागावल्या. नाव सांगा, आता नाही इसरत.”

माणसानं मोबाईल परत केला. मग म्हणाला, “रूपसिंग. रूपसिंग खेमसिंग राठोड.”

“रूपसिंगभाऊ,” बबनरावांनी लगेच म्हटलं, घोकलं नाही, वापरलं, “मले सूचक व्हा. कपिल, रूपसिंगभाऊंचा यादीतला नंबर पाय.”

यादीत नाव सापडलं. सही झाली. पावणेतीनला अर्ज आत गेला. बबनरावांना इतका आनंद झाला, की सवयीनं पुन्हा फुशारकी सुचली. “पाय कपिल, मानसाचं नाव कसं ठेवायचं असते!” म्हणत त्यांनी मिशीच्या जागी ‘रूपसिंग राठोड’ लिहिलं आणि नेता शोभेल अशा ऐटीत म्हणाले, “रूपसिंगभाऊ, मिस कॉल देतो, तुम्हीही माझं नाव टाकून घ्या.”

रूपसिंगचा मोबाईल वाजला. त्यानं तो बबनरावांसमोर धरला. पडद्यावर आधीच नाव होतं, ‘बबनराव नाव इसरते’.

“हे कवा लिहिलं?” बबनरावांनी विचारलं.

“ताक पेल्यावर. जाता जाता तुम्ही ‘येतो भाऊ’ म्हटलं, तवाच समजलं. मंग बाजारात चारदा भेटले, चारही बार भाऊ.” रूपसिंगनं पागोटं सारखं केलं. “आज कचेरीत तुमचा अर्ज पाहायलेच आलो होतो. तुम्हाले सूचक पायजे समजलं, तवा म्हटलं, सरळ नाव विचारलं तर सही देतो, नाहीतर राह्यलं.”



“आता बदला न ते नाव,” बबनराव हळूच म्हणाले.

“पुढच्या बाजारी भेटू,” रूपसिंग म्हणाला. “तवा पाहू.”